फिरतीचा अहवाल: ठरलेले पर्याय आणि वेळेचा शिक्का

"कवठ्याला तीन भेटी झाल्या. एका ठिकाणी फिल्टरचा प्रॉब्लेम होता, सोडवला. एक पार्टी पॉझिटिव्ह आहे." ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या दुकानांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊच्या सुमारास असे संदेश येतात. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पण महिनाअखेरीला मालक विचारतो, "या महिन्यात फिल्टरच्या तक्रारी किती आल्या? त्यातल्या एकाच गावच्या किती?" तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. कवठे म्हणजे तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद की कवठेमहांकाळ, इथपासूनच वाद सुरू होतो. कुणी गावाचं नाव मराठीत लिहिलेलं असतं, कुणी इंग्रजीत, कुणी नुसतं 'के. एम.'. तीन भेटी म्हणजे तीन शेतकरी की एकाच शेतकऱ्याच्या तीन प्लॉटवरच्या भेटी, तेही कळत नाही. संदेश शंभर असतात, आणि त्यांची बेरीज होत नाही.

यावर बहुतेक ठिकाणी आता एकच उपाय केला जातो. गूगल फॉर्म बनवायचा, त्याला गूगल शीट जोडायची, आणि फिरतीवरच्या प्रत्येकाने भेट संपली की मोबाइलवरून फॉर्म भरायचा. एक फॉर्म पाठवला की शीटमध्ये एक ओळ वाढते. पहिल्या रकान्यात, `Timestamp` या शीर्षकाखाली, तारीख आणि वेळ आपोआप उमटते. फॉर्म तयार करायला अर्धा तास पुरतो, आणि त्यामुळेच तो अर्ध्या तासात तयार केला जातो. दोन महिन्यांनी शीटमध्ये हजार ओळी जमतात, पण मालकाच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही मिळत नाही. फॉर्ममध्ये काय विचारायचं, कोणते पर्याय द्यायचे आणि त्या आपोआप उमटणाऱ्या वेळेचा अर्थ काय लावायचा, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं.

एक उदाहरण घेऊन पाहू. सांगली जिल्ह्यात ठिबकचा एक वितरक आहे असं समजा. त्याची नऊ माणसं तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत या तीन तालुक्यांत फिरतात. हा भाग मुख्यतः द्राक्ष आणि डाळिंबाचा. ड्रिपर चोक झाले, फिल्टर तुंबला, लॅटरल फुटली, शेवटच्या झाडापर्यंत दाब पोहोचत नाही, अशा तक्रारी सोडवायच्या आणि जमेल तिथे नव्या संचाची ऑर्डर आणायची, हे त्यांचं काम. एका माणसाच्या दिवसाला सरासरी पाच भेटी धरल्या आणि वर्षाचे कामाचे दिवस तीनशे, तर ओळी होतात साडेतेरा हजार. प्रत्येक ओळीत दहा रकाने असले तरी घरं एक लाख पस्तीस हजार. गूगल शीटची मर्यादा एक कोटी घरांची आहे, त्यामुळे जागेची चिंता नाही. चिंता आहे ती त्या घरांत काय येऊन पडतं याची.

गावाच्या नावापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. गावाचं नाव टाइप करायला मोकळी चौकट दिली, तर एकाच गावाची पाच नावं होणार हे नक्की. मराठीत याहून एक बारीक अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काही अक्षरं संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवली जातात. 'ऱ' हे अक्षर एका कीबोर्डवरून एकसंध येतं, तर दुसऱ्यावरून 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे जोडून. जोडाक्षरांच्या मध्ये कधी कधी न दिसणारं एक चिन्हही शिरतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण शीट काही वेळा ते दोन वेगळे शब्द मानते आणि मोजणी चुकते. अशी चूक नजरेने शोधून सापडत नाही. म्हणून जे मोजायचं आहे ते कुणालाही टाइप करू द्यायचं नाही, ते यादीतूनच निवडायला लावायचं. गावाचं नाव एकदाच, एकाच माणसाने, एकाच कीबोर्डवरून लिहायचं आणि बाकी सगळ्यांनी त्यावर फक्त बोट ठेवायचं.

फॉर्ममध्ये यादी देण्याचे तीन प्रकार आहेत. `Multiple choice` मध्ये सगळे पर्याय समोर दिसतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. `Dropdown` मध्ये यादी मिटलेली असते, बोट ठेवल्यावर उघडते. `Checkboxes` मध्ये एकाहून अधिक खुणा करता येतात. सहा-सात पर्याय असतील तर पहिला प्रकार बरा, कारण उन्हात पडदा नीट दिसत नसताना यादी उघडून वरखाली करणं त्रासाचं होतं. गावांसारखी लांब यादी असेल तर दुसरा. तिसरा प्रकार दैनिक अहवालात शक्यतो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातल्या सगळ्या खुणा शीटच्या एकाच घरात स्वल्पविराम टाकून येतात. "फिल्टर तुंबला, ड्रिपर चोक" हे शीटच्या लेखी एक वेगळंच उत्तर ठरतं, आणि फिल्टरच्या तक्रारी मोजताना ती ओळ साध्या सूत्रातून निसटते. एका भेटीत दोन तक्रारी निघत असतील तर 'मुख्य तक्रार' आणि 'दुसरी तक्रार' असे दोन वेगळे प्रश्न ठेवावेत.

तीन तालुक्यांची शंभराच्या वर गावं एकाच यादीत घातली तर सावळज शोधता शोधता माणूस कंटाळतो आणि जवळपासचं काहीतरी निवडून मोकळा होतो. म्हणून आधी तालुका विचारायचा आणि ज्या तालुक्यावर बोट पडेल त्याच तालुक्याच्या गावांचं पान पुढे उघडायचं. फॉर्ममध्ये यासाठी तालुक्यागणिक एक विभाग करतात, आणि तालुक्याच्या प्रश्नावर `Go to section based on answer` हा पर्याय चालू करतात. तासगाव निवडलं की मणेराजुरी, सावळज, येळावी, विसापूर दिसतात. जत निवडलं की डफळापूर, उमदी, संख, माडग्याळ. प्रत्येक गावाचं नाव एकेक करून लिहीत बसायची गरज नाही. शीटच्या एका रकान्यात यादी तयार करून, तपासून, ती कॉपी केली आणि पहिल्या पर्यायाच्या जागी पेस्ट केली, की प्रत्येक नाव आपापल्या ओळीत जाऊन बसतं.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे प्रत्येक विभाग संपल्यावर पुढे कुठे जायचं हे सांगायचं राहतं. मग तासगावचं गाव निवडलेल्या माणसापुढे पुढच्याच पानावर कवठेमहांकाळची गावं येतात आणि तो गोंधळतो. प्रत्येक तालुक्याच्या विभागाच्या तळाशी थेट भेटीच्या प्रश्नांच्या विभागाकडे जायला सांगावं लागतं. दुसरी गोष्ट शीटमध्ये दिसते. फॉर्मच्या प्रत्येक प्रश्नाला शीटमध्ये स्वतंत्र रकाना मिळतो, त्यामुळे गाव एकाऐवजी तीन रकान्यांत विखुरतं आणि दर ओळीत त्यातले दोन रिकामे राहतात. यात बिघडलेलं काही नाही. शीटमध्येच वेगळं पान घेऊन त्याच्या पहिल्या घरात तिन्ही रकाने जोडले, की गावाचा एकच रकाना तयार होतो. समजा गावं डी, ई आणि एफ या रकान्यांत येत असतील, तर सूत्र असं:

```
=ARRAYFORMULA('Form Responses 1'!D:D & 'Form Responses 1'!E:E & 'Form Responses 1'!F:F)
```

दोन रकाने नेहमी रिकामेच असल्यामुळे जोडल्यावर नेमकं एकच नाव उरतं. अवतरणातलं नाव म्हणजे उत्तरं जिथे जमा होतात त्या पानाचं. आपल्या शीटवर वेगळं दिसत असेल तर ते लिहावं.

आता पर्यायांचा खरा भाग, म्हणजे त्यांतले शब्द. भेटीचं फलित काय, या प्रश्नाला बहुतेक फॉर्ममध्ये "ऑर्डर मिळाली", "सकारात्मक", "पाठपुरावा आवश्यक" असे पर्याय असतात. यातले शेवटचे दोन एकमेकांत मिसळतात. "विचार करून सांगतो" असं शेतकरी म्हणाला तर ते सकारात्मक की पाठपुरावा? दोन माणसं दोन वेगळी उत्तरं निवडतील आणि दोघंही बरोबर असतील. त्याहून मोठी उणीव अशी, की माणूस घरी नव्हता, मोटर बंद होती, दार उघडलंच नाही, याला या यादीत जागाच नाही. तिथवर जाऊन परत आलेल्या कर्मचाऱ्यापुढे मग दोनच वाटा उरतात. एक तर फॉर्म भरायचा नाही, म्हणजे त्याचा फेरा हिशोबात येत नाही. नाही तर "पाठपुरावा आवश्यक" वर बोट ठेवायचं, म्हणजे न झालेली भेट झाली म्हणून नोंदली जाते. ठरलेल्या पर्यायांची यादी अपुरी असली की ती प्रामाणिक माणसालाही खोटं लिहायला लावते. मोकळ्या चौकटीत त्याने निदान खरं लिहिलं असतं.

म्हणून यादी दुकानात टेबलाशी बसून करू नये. आधीच्या दोन-तीन आठवड्यांचे व्हॉट्सॲप संदेश काढावेत, त्यातली प्रत्येक भेट प्रस्तावित यादीतल्या कोणत्या ना कोणत्या एकाच पर्यायात बसते का ते पाहावं, आणि हे काम फिरतीवरच्या दोन माणसांना शेजारी घेऊन करावं. आपल्या उदाहरणात अशी यादी निघते: ऑर्डर मिळाली, दुरुस्ती पूर्ण झाली, दुरुस्तीला पुन्हा यावं लागेल, माहिती दिली, निर्णय नाही, नकार, भेट झाली नाही. सातच पर्याय, पण कोणतीही भेट यातल्या एकात जाते आणि दोन ठिकाणी जात नाही. तक्रारीच्या यादीतले शब्दही शेतावर बोलले जातात तेच हवेत. 'उत्सर्जक अवरोध' असं लिहिण्यात काही मतलब नाही. माणसं 'ड्रिपर चोक' म्हणतात, तर यादीतही तेच असावं.

यादीच्या तळाशी 'इतर' ठेवावा का, यावर मतभेद आहेत. मी ठेवावा या मताचा आहे, पण दर आठवड्याला त्याखाली काय लिहिलं गेलं ते वाचायचं या अटीवर. 'इतर'मध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली, समजा "खत टाकीचा व्हॉल्व्ह गळतो" असं चार जणांनी लिहिलं, तर तो यादीत यायला हवा होता हे उघड आहे. `Multiple choice` मध्ये 'इतर'ची सोय आहे, `Dropdown` मध्ये नाही. हेही प्रकार निवडताना लक्षात ठेवावं. आणखी एक खूण पाहावी. यादीतला पहिलाच पर्याय एखाद्याच्या अहवालात फारच जास्त वेळा येत असेल, तर तो न वाचता भरतोय अशी शंका घ्यायला जागा आहे.

एकदा यादी चालू झाली की तिच्यातले शब्द बदलू नयेत. "फिल्टर तुंबला" हे जुलैमध्ये "फिल्टर जाम" केलं, तर शीटमधल्या जुन्या ओळी आहेत तशाच राहतात, नव्या ओळी नव्या शब्दांनी येतात आणि वर्षाची मोजणी दोन तुकड्यांत फुटते. पर्याय वाढवायला हरकत नाही. असलेला बदलायचा असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलावा आणि तशी नोंद कुठेतरी ठेवावी.

आता शिक्का. `Timestamp` च्या रकान्यात जी वेळ येते ती फॉर्म पाठवल्याची, म्हणजे `Submit` दाबल्यावर तो गूगलकडे पोहोचला त्या क्षणाची असते. ती मोबाइलच्या घड्याळावरून घेतलेली नसते, त्यामुळे मोबाइलची वेळ मागेपुढे करून ती बदलता येत नाही. इतपत ती भरवशाची आहे. पण फॉर्म कधी उघडला हे तिला माहीत नसतं, भेट कधी झाली हेही माहीत नसतं, आणि माणूस कुठे होता हे तर मुळीच नाही. ज्यांच्या हातात पगार आणि प्रवासभत्ता असतो ती मंडळी ही वेळ सर्रास 'भेटीची वेळ' म्हणून वाचतात, आणि तिथे अन्याय होतो.

एका दिवसाच्या दोन कर्मचाऱ्यांच्या ओळी पाहा. एकाचे शिक्के आहेत सकाळी १०:४०, ११:५५, दुपारी १:२० आणि ४:०५. दुसऱ्याचे रात्री ९:०५, ९:०७, ९:०९, ९:१२ आणि ९:१४. पहिला भेट संपल्यावर लगेच फॉर्म भरतो, दुसरा घरी जाऊन सगळे एकदम भरतो, एवढंच यातून सिद्ध होतं. दुसऱ्याने भेटी केल्याच नाहीत असा अर्थ काढता येत नाही. त्याला विचारलं तर तो सांगतो, "सर, हाताला चिखल, समोर शेतकरी उभा, आणि नेटचा पत्ता नसतो. तिथं फॉर्म कधी भरू?" त्याचं म्हणणं खरं आहे. गूगल फॉर्म नेटशिवाय पाठवताच येत नाही. ज्या वाडीत सिग्नल नाही तिथे माणूस दुपारी फॉर्म भरूच शकत नाही, मग तो कितीही वक्तशीर असो. मात्र रात्री आठवून भरलेल्या पाच अहवालांत गाव आणि तक्रार यांची सरमिसळ होण्याचा धोका असतो, आणि त्या दृष्टीने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आलेले शिक्के ही बोलण्याजोगी गोष्ट नक्कीच आहे.

यावर एक साधा प्रश्न फॉर्ममध्ये घालावा: ही भेट केव्हा झाली? पर्याय चारच: आत्ता, आज सकाळी, आज दुपारनंतर, काल. तारीख टाइप करायला किंवा कॅलेंडरमधून निवडायला देऊ नये, त्यात महिना चुकतो. आता शिक्का आणि हे उत्तर दोन्ही मिळून पुरावा होतो. शिक्का सांगतो कधी कळवलं, माणूस सांगतो कधी झालं. रात्री बाराच्या पुढे भरलेल्या अहवालाचा गुंताही यातून सुटतो. १२:२० ला पाठवलेला फॉर्म शीट दुसऱ्या दिवसात मोजते. "काल" हे उत्तर सोबत असलं की तो कोणत्या दिवसाचा हे ठरवता येतं. दुरुस्तीला किती वेळ लागला हे खरोखर मोजायचं असेल, तर त्याच फॉर्ममध्ये 'पोहोचलो' आणि 'निघालो' असा प्रश्न ठेवून दोनदा पाठवायला सांगता येतं. दोन शिक्क्यांमधला फरक म्हणजे कामाचा वेळ. पण त्याने माणसाचं काम दुप्पट होतं, म्हणून सिग्नलची खात्री असलेल्या आणि मजुरी तासांवर असलेल्या कामांपुरतंच ते वापरावं.

शिक्क्याची एक तांत्रिक अडचण पहिल्याच दिवशी तपासायची असते. वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने लिहायची हे शीटच्या सेटिंगवर ठरतं. `File` मधल्या `Settings` मध्ये `Time zone` कोलकात्याचा आणि `Locale` भारताचा आहे ना, ते पाहावं. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं राहिलं असेल तर उन्हाळ्यात साडेबारा तासांचा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक पडतो. जुलैत सकाळी दहाला पाठवलेला अहवाल आदल्या रात्री साडेनऊचा दिसतो. सकाळचे सगळे अहवाल आदल्या दिवसाच्या रात्रीचे दिसू लागले, की माणसांवर संशय घेण्याआधी हे सेटिंग उघडावं. कधी शिक्क्याच्या जागी ४५६५८.५ असा विचित्र आकडाही दिसतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. शीट आतून तारीख अशीच साठवते: ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले ते पूर्णांकात, आणि दिवसाचा किती भाग गेला ते दशांशात. ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५, आणि पुढचं .५ म्हणजे त्या दिवशीची दुपारचे बारा. रकान्याचं स्वरूप पुन्हा तारीख-वेळ केलं की आकडा जाऊन तारीख दिसते. तारीख मुळात आकडा असल्यामुळेच दोन शिक्के वजा करता येतात.

अहवाल कुणी भरला हेही पक्कं असायला हवं. नावांची यादी दिली तर कुणीही कुणाचंही नाव निवडू शकतो, बहुतेक वेळा चुकून. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याचा `Verified` हा पर्याय ठेवला, तर भरणाऱ्याला स्वतःच्या गूगल खात्यातून यावं लागतं आणि तो पत्ता ओळीत आपोआप येतो. त्याच पानावर `Limit to 1 response` ही एक सोय दिसते. ती पाहून अनेकांना वाटतं की दिवसाला एकच अहवाल घ्यायची ती सोय असेल. प्रत्यक्षात ती एका खात्याला कायमचा एकच अहवाल पाठवू देते. ती बंदच ठेवावी, नाहीतर दुसऱ्याच भेटीला फॉर्म उघडत नाही. पाठवलेला अहवाल नंतर बदलू देण्याची सोयही बंद ठेवावी, कारण बदल त्याच ओळीवर होतो आणि आधीचं उत्तर पुसलं जातं. चूक झाली तर नवा फॉर्म भरून 'दुरुस्ती' असा पर्याय निवडू द्यावा. चूकही राहते, दुरुस्तीही राहते आणि दोन्हींना आपापले शिक्के असतात.

जिथे उत्तरं येऊन पडतात त्या पानाला कुणी हात लावू नये. रंग भरणं, मध्ये रकाना घुसवणं, शेजारी सूत्र लिहून खाली ओढणं, यातलं काहीच नाही. प्रत्येक नवा अहवाल नवी ओळ घालत येतो, त्यामुळे खाली ओढून ठेवलेली सूत्रं त्या नव्या ओळीला लागू होत नाहीत आणि बेरजा गुपचूप कमी भरू लागतात. हिशोब सगळा वेगळ्या पानावर करावा. रोज संध्याकाळी पाहायला एकच छोटा तक्ता पुरेसा असतो: पहिल्या रकान्यात नऊ कर्मचाऱ्यांची खाती, शेजारी आज आलेले अहवाल. ईमेल बी रकान्यात येत असेल तर पहिल्या कर्मचाऱ्याच्या समोर असं लिहायचं:

```
=COUNTIFS('Form Responses 1'!B:B, A2, 'Form Responses 1'!A:A, ">="&TODAY())
```

हे सूत्र खालच्या आठ ओळींत ओढावं; इथे ते चालतं, कारण या पानावर नव्या ओळी घुसत नाहीत. ज्याच्यासमोर शून्य दिसेल त्याला फोन करावा, आणि पहिला प्रश्न "तब्येत बरी आहे ना?" हा असावा. पाचच्या ठिकाणी सहा दिसले आणि त्यातल्या दोन ओळी शब्दशः सारख्या, शिक्क्यांत काही सेकंदांचाच फरक, तर नेट मंद असताना बटण दोनदा दाबलं गेलं एवढंच ते असतं.

शीटमधली एखादी वेळ हाताने बदलली तर? ज्याला शीट संपादित करायची परवानगी आहे तो शिक्काही खोडून दुसरा लिहू शकतो. पण फॉर्म स्वतःकडे प्रत्येक उत्तराची वेगळी प्रत ठेवतो. शीटमधल्या बदलाचा तिच्यावर परिणाम होत नाही. संशय आला तर फॉर्म नव्या रिकाम्या शीटला जोडावा. आतापर्यंतची सगळी उत्तरं मूळ रूपात तिथे पुन्हा येतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पडताळता येतात. म्हणून फिरतीवरच्या माणसांकडे फक्त फॉर्मची लिंक द्यावी, शीटची नाही. त्यांचे स्वतःचे आकडे त्यांना दिसायलाच हवेत, पण ते वेगळ्या फाइलमध्ये, शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर वगळून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाल्यावर तर ग्राहकाचा नंबर दहा फोनमध्ये फिरत राहणं कुणालाच परवडणारं नाही. आधार क्रमांकाचा रकाना मी काही फॉर्ममध्ये पाहिला आहे. ड्रिपर साफ करायला तो कशाला लागतो?

हे सगळं नीट बसवल्यावर आपल्या वितरकाला ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर, म्हणजे कामाच्या ऐन गर्दीत, काय हाती लागू शकतं ते पाहा. गावाचा जोडलेला रकाना आणि मुख्य तक्रार, या दोन्हींची उभी-आडवी मोजणी केली की एखाद्या गावात 'ड्रिपर चोक' एकदम वर आलेलं दिसतं. त्या गावच्या ओळी उघडल्या तर त्यातल्या बहुतेक एकाच ओढ्याकाठच्या विहिरींच्या निघतात. पाण्यात क्षार जास्त असले की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे थर बसतात, आणि त्यावर आम्लप्रक्रिया हा ठरलेला इलाज आहे. तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या दिवशी एकेक ड्रिपर साफ करत बसण्यापेक्षा त्या काठच्या सगळ्या संचांची आम्लप्रक्रिया एकाच आठवड्यात करता येते. व्हॉट्सॲपच्या शंभर संदेशांतही ही गोष्ट होतीच, पण तिथे 'ड्रिपर जाम', 'पाणी येत नाही', 'लॅटरलचा प्रॉब्लेम' अशा वेगवेगळ्या नावांनी पसरलेली असल्यामुळे ती कुणाला दिसली नसती.

ज्यांच्या कामाचा मोठा भाग नेटबाहेरच्या गावांत आहे त्यांनी मात्र गूगल फॉर्मवर फार काळ झुंजत बसू नये. ओडीके आणि कोबो टूलबॉक्स ही साधनं अशाच कामासाठी बनलेली आहेत. त्यात फॉर्म फोनवर भरून ठेवता येतो आणि नेट मिळाल्यावर जातो. भरायला सुरुवात केल्याची, संपवल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची अशा तीन वेळा ते नोंदवतात, आणि विचारलं तर ठिकाणही. पहिल्या दोन वेळा फोनच्या घड्याळाच्या असतात, तेव्हा त्या बदलता येतात. तिसरी सर्व्हरची असते. फॉर्म बनवायला थोडं जास्त शिकावं लागतं. मात्र पर्यायांची यादी आधीच नीट तयार असेल तर ती तशीच्या तशी तिकडे नेता येते, आणि खरा वेळ खाणारं काम तेच असतं.